नाणं दिसतं, पण बाण चुकतो

आधी एक प्रश्न. रात्री लाईट गेलीय, खोलीत मिट्ट काळोख आहे आणि तुमच्या हातात बॅटरी आहे. समोरच्या आरशात तुम्हाला स्वतःचा चेहरा बघायचाय. बॅटरी कुणावर धराल? आरशावर की स्वतःच्या तोंडावर?

आमच्याकडे पेणला पावसाळ्यात लाईट जाणं काही नवीन नाही, त्यामुळे मुलांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. तरीही दरवर्षी वर्गातले बरेच हात 'आरशावर' या उत्तराला वर होतात. शिक्षकांच्या एका बैठकीत मी हाच प्रश्न विचारला, तेव्हा तिथंही दोन-तीन हात वर झाले होते. बरोबर उत्तर आहे तोंडावर. चेहऱ्यावर उजेड पडला पाहिजे, तो चेहऱ्यावरून निघून आरशावर गेला पाहिजे आणि तिथून परत आपल्या डोळ्यात आला पाहिजे. आरशावर बॅटरी धरली तर आरशात बॅटरी दिसते, चेहरा काळोखातच राहतो. (थोडा उजेड आरशावरून उलटून तोंडावर पडतो म्हणून चेहरा पुसटसा दिसतो. तेवढ्यावरून मुलं वाद घालतात. घालू द्यावा.)

या प्रश्नापासून सुरुवात करण्याचं कारण म्हणजे गेली काही वर्षं मला एकच गोष्ट खटकतेय. आपण परावर्तन आणि अपवर्तन शिकवतो, किरणाकृती काढून घेतो, नावं घालून घेतो, गुण देतो. पण मुलाच्या डोक्यात प्रकाश कुठून कुठे चाललाय, हे त्या आकृतीतून कळतच नाही. वाटीत नाणं ठेवून पाणी ओतण्याचा प्रयोग केल्यावर एका मुलीनं फार सुंदर आकृती काढली होती. वाटी, पाणी, नाणं, पृष्ठभागावर वाकलेली रेषा, तुटक रेषेनं दाखवलेलं वरचं नाणं, सगळं नेटकं. फक्त बाण डोळ्यातून निघून नाण्याकडे जात होते. मी विचारलं, "हे काय चाललंय?" ती म्हणाली, "बाई, नजर पाण्यात शिरताना वाकते."

तिला हसण्यासारखं यात काही नाही. आपली भाषाच असं बोलते. आपण नजर टाकतो, नजर फिरवतो, आपली नजर लांबवर पोचते. न्यायदर्शनातही डोळ्यातून रश्मी बाहेर पडून वस्तूपर्यंत जातात असं मानलं आहे. आणि गंमत पुढेच आहे. भांड्यात नाणं ठेवून पाणी ओतायचा हा प्रयोग टॉलेमीनं दुसऱ्या शतकात आपल्या प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथात दिला आहे, तोही दृष्टिकिरण डोळ्यातून निघतात असं मानूनच! प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो, हे अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इब्न अल-हैथमनं सविस्तर मांडलं. म्हणजे आमची मुलगी टॉलेमीच्या शेजारच्या बाकावर बसली होती.

मग टॉलेमीची आकृती चुकली का? रेषा चुकली नाही. प्रकाश ज्या वाटेनं येतो त्याच वाटेनं उलटा पाठवला, तर तसाच परत जातो. त्यामुळे बाण उलटे काढले तरी रेषा जिथल्या तिथे राहते. आपल्या वर्गातली चूक लपून राहते ती यामुळेच. तपासणारा रेषा बघतो, कोन बघतो, नावं बघतो आणि बरोबरची खूण करून पुढे जातो. ही चूक बाहेर पडते ती भिंगाच्या धड्यात. तिथं वस्तूच्या एका टोकापासून दोन किरण काढायचे असतात, आणि ज्याच्या डोक्यात किरण डोळ्यातून निघतात तो म्हणतो, "पण इथं डोळा कुठाय?"

म्हणून माझं मत असं आहे की आरसा आणि नाणं एकाच आठवड्यात, एकाच पद्धतीनं करून घ्यावेत. आपल्याकडे परावर्तनाचा धडा आठवीत आहे आणि अपवर्तनाचा दहावीत. मधल्या दोन वर्षांत आरशाची आकृती विसरली जाते आणि नाण्याची आकृती मुलाला अगदी नवीन वाटते. खरं तर दोन्ही आकृत्यांत काम एकच असतं.

आधी आरसा. तीन-चार इंच रुंदीची आरशाची पट्टी काच-दुकानात मिळते. कडा घासून घ्यायला सांगावं. ती कागदावर उभी राहत नाही ही नेहमीची अडचण. पेणला तिचं उत्तर गल्लोगल्ली आहे, शाडूचा एक गोळा. गणपतीच्या कारखान्यातून मूठभर माती मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. पट्टी गोळ्यात खोचून उभी केली की आरशाच्या *मागच्या* कडेनं पेन्सिलची रेघ मारायची. पारा मागच्या बाजूला असतो, प्रकाश तिथून परततो. पुढच्या कडेनं रेघ मारली की काचेच्या जाडीएवढी, म्हणजे तीनेक मिलिमीटर चूक सुरुवातीलाच शिरते.

आता खराट्याचे दोन हीर घ्या. एक आखूड, तो मातीच्या छोट्या गोळ्यावर आरशापुढे 6 सेंमीवर उभा करा. दुसरा लांब, आरशाच्या वरून डोकं काढेल एवढा. तो आरशाच्या मागे ठेवायचा. मुलानं एक डोळा मिटून आरशात आखूड हिराची प्रतिमा बघायची आणि आरशाच्या वरून मागच्या लांब हिराचं टोक बघायचं. मग डोकं डावीकडे-उजवीकडे हलवायचं. मागचा हीर भलत्या जागी असेल तर प्रतिमा आणि हीर एकमेकांपासून सरकतात. जोडीदारानं मागचा हीर पुढे-मागे सरकवत राहायचं. एका जागी दोन्ही असे जुळतात की डोकं कितीही हलवा, एकच काडी वाटते. तिथं मोजा. 6 सेंमीच्या आसपास अंतर येतं, दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे.

हे का करायचं? कारण 'प्रतिमा आरशाच्या मागे तेवढ्याच अंतरावर असते' हे वाक्य मुलांना पाठ असतं, पण प्रतिमा आरशाच्या *पृष्ठभागावर* आहे असंच बहुतेकांना मनातून वाटतं. हीर जुळला की ते वाटणं संपतं.

आणि मग आकृती. इथं मी फळ्यावर काही काढत नाही. हिराच्या बुंध्यापासून दोन रेषा काढायला सांगते, आरशाच्या रेघेवर दोन वेगळ्या बिंदूंपर्यंत. प्रत्येक बिंदूवर स्तंभिका काढायची, जेवढा आपतन कोन तेवढाच परावर्तन कोन मोजून परतीचा किरण काढायचा. हिरापासून आरशाकडे आणि आरशापासून डोळ्याकडे, बाण लगेच त्याच वेळी द्यायचे. आता परतीच्या दोन्ही रेषा आरशाच्या मागे तुटक वाढवा. त्या जिथं भेटतात तिथंच मघाशी आपला लांब हीर उभा होता. कागदावर खड्डा असतो मातीचा!

दोन रेषा का, हा या धड्याचा गाभा आहे. एका किरणानं फक्त दिशा कळते. वस्तू त्या दिशेला कितीही लांब असू शकते. *कुठे* आहे हे सांगायला दुसरा किरण लागतो. 'दिसतं का?' या प्रश्नाला एक किरण पुरतो, 'कुठे दिसतं?' याला दोन लागतात. नाण्याच्या प्रयोगात हे दोन्ही प्रश्न असतात आणि आपण ते एकाच आकृतीत कोंबतो. बहुतेक गोंधळ तिथून सुरू होतो.

म्हणून नाण्याचा प्रयोग मी दोन भागांत करते. पहिला भाग फक्त 'दिसतं का?' एवढाच.

यासाठी चकचकीत स्टीलचा डबा घेऊ नका. रोह्याच्या एका वर्गात माझी त्यात चांगली फजिती झाली होती. पाणी ओतायच्या आधीच मुलं ओरडली, "दिसतंय दिसतंय!" डब्याच्या आतल्या बाजूत नाण्याचं प्रतिबिंब दिसत होतं. परावर्तनानं अपवर्तनाचा तास खाल्ला. आता मी कारखान्यातला रंगाचा रिकामा डबा वापरते. आत रंग वाळलेला असतो, चमकत नाही. बाजू सरळ उभ्या हव्यात. माझा डबा वरून कापून घेतलाय, आतून 12 सेंमी रुंद आणि 10 सेंमी उंच. कापलेल्या काठावर चिकटपट्टी लावलीय.

आपल्या बाजूच्या भिंतीपासून 7 सेंमीवर नाण्याचा मध्य येईल असं पाच रुपयांचं नाणं ठेवा, खाली शाडूचा कण लावा म्हणजे पाणी ओतताना ते सरकणार नाही. त्याच रेषेत 10 सेंमीवर तळाला एक ठिपका काढा. आता पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून एका डोळ्यानं बघायचं आणि पुठ्ठा अशा जागी पक्का करायचा की डब्याच्या जवळच्या काठाला तो ठिपका जेमतेम टेकलेला दिसेल. डबा 10 सेंमी उंच आणि ठिपका 10 सेंमी लांब, त्यामुळे नजरेची रेषा आपोआप 45 अंशांची झाली. कोनमापक लागत नाही. नाणं अर्थातच काठाआड आहे. पुठ्ठा हवाच, कारण पाणी वाढू लागलं की मूल नकळत टाचा उंचावतं आणि नाणं 'दिसायला' लागतं.

पाणी ओतण्याआधी आकृती काढून घ्यायची, खऱ्या मापाची. आलेख कागदावर 12 बाय 10 चा डबा काढा. पाण्याची रेघ तळापासून 8 सेंमीवर. जवळच्या काठावरून 45 अंशांची रेघ खाली आणा. ती काठापासून 2 सेंमीवर पाण्याला भेटते. तिथून किती वाकायचं? दहावीला साइन वापरता येतं, पण आठवीलाही जमेल अशी एक युक्ती आहे. पाण्याचा अपवर्तनांक 1.33, म्हणजे जवळजवळ 4 भागिले 3. ज्या बिंदूवर रेघ पाण्याला भेटली तिथं कंपासचं टोक ठेवून 3 सेंमी आणि 4 सेंमी त्रिज्येची दोन वर्तुळं काढा. नजरेची रेघ न वाकवता सरळ पाण्यात वाढवा, ती लहान वर्तुळाला छेदेल. त्या छेदापासून सरळ खाली, स्तंभिकेला समांतर, मोठ्या वर्तुळापर्यंत या. तो बिंदू आणि मधला बिंदू जोडा. ही पाण्यातली रेषा. कोन मोजला तर स्तंभिकेशी सुमारे 32 अंश येतो.

ही रेषा तळाला कुठे टेकते? जवळच्या भिंतीपासून 7 सेंमीवर, म्हणजे नाण्याच्या मध्यावर. पाणी नसताना हीच रेघ 10 सेंमीवर पोचत होती. म्हणजे डोळा न हलवता 3 सेंमी तळ जास्त दिसू लागला.

आणि आता बाण. आपली पेन्सिल डोळ्याच्या बाजूनं नाण्याकडे उलटी चालली, कारण रेघ शोधायला ती सोयीची वाट आहे. प्रकाश नाण्यापासून निघाला, पाण्यातून वर आला, पृष्ठभागावर स्तंभिकेपासून दूर वाकला आणि भोकातून डोळ्यात शिरला. बाण त्याचे. हे वाक्य मी मुलांकडून आपापल्या शब्दांत वहीत लिहून घेते. मघाची मुलगी इथं थांबली आणि म्हणाली, "म्हणजे मी रेघ काढते तशी नजर जाते असं मला वाटत होतं." मला तरी एवढं स्वच्छ निदान जमलं नसतं.

मग भाकीत. आकृतीवरून मुलांनी आधी सांगायचं की पाणी किती झाल्यावर नाण्याची पलीकडची कड पहिल्यांदा दिसेल. ती कड साधारण सव्वाआठ सेंमीवर आहे. आकृतीत पाण्याची रेघ खाली-वर करून बघितलं की उत्तर पावणेपाच सेंमीच्या आसपास येतं. आता जोडीदारानं डब्याच्या आत उभ्या धरलेल्या पट्टीकडे बघत हळूहळू पाणी ओतायचं. पाचाच्या जवळ एक चंद्रकोर उगवते, 8 ला अर्धं नाणं होतं. काठोकाठ भरलं तरी या जागेवरून जवळची कड दिसत नाही, अर्ध्या सेंमीचा भाग काठाआडच राहतो. हेही आकृती आधीच सांगते. जे मूल 'पाणी भरलं की नाणं दिसतं' एवढंच शिकलंय, त्याला हे खोटं वाटतं. पाण्यावर खिडकीचा उजेड चमकत असेल तर मात्र काहीच दिसणार नाही. बघणाऱ्याच्या समोर खिडकी नको.

दुसरा भाग, 'कुठे दिसतं?' याला डबा नको, पारदर्शक सरळ काचेचा ग्लास किंवा बरणी हवी, बुडाशी जाड काच नसलेली. 8 सेंमी पाणी, तळाला कडेशी नाणं. तसंच दुसरं नाणं बाहेरून काचेला टेकवून बोटानं धरायचं. बरोबर वरून, एक डोळा मिटून बघायचं. आतलं नाणं पाण्यातून आणि बाहेरचं हवेतून. पुन्हा तेच, डोकं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि दोन्ही नाणी एकत्र हलेपर्यंत बाहेरचं नाणं वर सरकवत न्यायचं. हिरांचा खेळ झालेला असतो म्हणून मुलांना सांगावं लागत नाही. बाहेरचं नाणं तळापासून सुमारे 2 सेंमी वर येऊन थांबतं. 8 सेंमी खोलीचं नाणं 6 सेंमीवर दिसतंय, म्हणजे पाऊण खोलीवर. दीड ते अडीच काहीही येऊ शकतं, चार जणांची मापं घेऊन सरासरी काढावी.

आकृतीत इथं दोन किरण. एक नाण्यापासून सरळ वर, न वाकता. दुसरा थोडा तिरका, बाहेर पडताना वाकणारा. वाकलेला किरण मागे तुटक वाढवला की तो सरळ किरणाला 6 सेंमी खोलीजवळ छेदतो. पाठ्यपुस्तकातलं 'उचललेलं नाणं' ते हेच. पण 'पाऊण खोली' हा नियम फक्त वरून बघताना खरा आहे. मघाच्या 45 अंशांतून दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर तेच नाणं 5 सेंमी खोलीवर दिसतं. आकृतीत 45 अंशांची रेघ सरळ वाढवून नाण्याच्या वरच्या उभ्या रेषेला कुठे छेदते ते बघा. जितकं तिरकं बघाल तितका तळ वर येतो. पोहणाऱ्या मुलांना हे जरूर सांगा, काठावरून डोह आहे त्यापेक्षा उथळ दिसतो.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. ग्लासाच्या बाजूनं बघू नका. गोल काच आणि पाणी मिळून भिंग होतं आणि नाणं मोठं दिसतं, मग मुलं 'अपवर्तनानं वस्तू मोठी दिसते' असं लिहितात. दुसरं, मोबाईलवर फिरणारा तो प्रयोग, ग्लासाच्या *खाली* नाणं ठेवून पाणी ओतलं की नाणं गायब होतं. तो या धड्यात आणू नये. तिथं नाणं आणि काच यांच्यामध्ये हवा असते आणि किरण ग्लासाच्या बाजूच्या भिंतीवरून पूर्ण आंतरिक परावर्तनानं आत वळतात. बूड ओलं केलं की नाणं पुन्हा दिसतं. छान आहे, पण नंतर. एकाच तासात नाणं दिसवलं आणि लपवलं तर मुलाच्या हाती फक्त जादू लागते.

आता परीक्षेचं. मी माझ्यापुरता गुणांचा हिशोब बदललाय. नावांना एक, कोनांना एक आणि बाणांना एक, पण बाण उलटे असतील तर कोनांचाही गुण नाही. काही पालकांनी तक्रार केली, "रेघ तर बरोबर आहे की!" त्यांना मी लाईट गेल्याचा प्रश्न विचारते. एका वडिलांनी "आरशावर" म्हटलं आणि मग स्वतःच हसले.

रोह्याच्या वर्गात तास संपता संपता मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. एरवी फारसा बोलत नाही. म्हणाला, "बाई, वलगणीला आम्ही जातो ना रात्री, तेव्हा काका सांगतो, मासा दिसतो त्याच्या चार बोटं खाली कोयता मार." पहिल्या पावसात ओढ्यांतून शेतात चढणारे मासे बॅटरीच्या उजेडात कोयत्यानं मारतात, ते आमच्याकडच्या प्रत्येक पोराला माहीत. मी म्हटलं, "पाणी किती असतं?" "वीतभर." "मग काढ." त्यानं वीत 20 सेंमीची धरली, 45 अंशांची रेघ मारली, 3 आणि 4 ची वर्तुळं काढली. मासा साडेबारा सेंमी खोलीवर दिसत होता. खऱ्या जागेपेक्षा साडेसात सेंमी वर. त्यानं आपली चार बोटं पट्टीवर ठेवली. जरा कमी पडली, पण काकाची बोटं जाड आहेत असं वर्गाचं म्हणणं पडलं.

बाणही त्यानं माशाकडून डोळ्याकडे काढले होते. मग थोडा वेळ आकृतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पण बाई, कोयता पाण्यात शिरल्यावर तोही वर उचललेला दिसणार ना? मग आत गेल्यावर चार बोटांचा हिशोब नको, दिसतो तिथंच न्यायचा."